आंब्याचा अख्खा क्रेट, दहा वाटे आणि एक मेसेज: मोसमभराच्या वापरानंतर

मार्चअखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत आमच्या पुण्यातल्या सोसायटीत हाच मेसेज फिरवून देवगडच्या एका बागायतदाराकडून हापूस मागवला. आता मोसम उलटला, हिशोब मिटले, तेव्हा कुठला नियम कामाचा निघाला आणि कुठला नाही ते लिहितो. आधी मेसेज, जसा शेवटी टिकला तसा:

«नमस्कार मंडळी. बागेतून हापूसचा अख्खा क्रेट मागवतोय. साधारण वीस किलो, लहान-मोठे मिसळून. दोन किलोचा एक वाटा, असे दहा वाटे. वाट्याला ५२५ रुपये आगाऊ. गुरुवारी रात्री नऊपर्यंत पैसे आले की नाव पक्कं. आंबा कच्चा येईल, पिकायला आठ-दहा दिवस धरा. क्रेट येईल त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये वजनावर वाटणी. क्रेटमध्ये खराब निघालेल्याचं नुकसान सगळ्यांचं, घरी नेल्यावर नासलं तर ज्याचं त्याचं. साका निघाला तर कापल्या दिवशीच फोटो टाका, त्या फळाचे पैसे परत. बिलं इथेच टाकेन. उरलेले पैसे पुढच्या क्रेटला.»

यातला सगळ्यात वादाचा आणि सगळ्यात उपयोगी नियम म्हणजे वजनावर वाटणी. आपल्याकडे हापूस डझनावर घ्यायची सवय, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच विचारलं, «अहो, आंबे काय किलोवर घेतात का?» बाजारातल्या पेटीत फळं आकाराप्रमाणे निवडून भरलेली असतात, तिथे डझन चालतो. बागेतून न निवडलेला माल घेतला की तो स्वस्त पडतो, पण एकाच क्रेटमध्ये दोनशे ग्रॅमचं फळ असतं आणि तीनशेचंही. आठ मोठे आंबे नेणाऱ्याला दोन किलो चारशे ग्रॅम मिळतात, आठ लहान नेणाऱ्याला एक किलो सहाशे. आमच्या भावाने हा फरक दोनशे रुपयांचा होतो. हा आकडा सांगितल्यावर काकू पुन्हा काही बोलल्या नाहीत.

वजन करायला स्वयंपाकघरातला काटा पुरतो. आधी फळांचे मोठे, मधले आणि लहान असे तीन ढीग लावायचे. प्रत्येक पिशवीत तिन्ही ढिगांतून भर घालायची आणि शेवटची दोन फळं लहान ढिगातली घेऊन वजन जुळवायचं. आंबा अर्धा कापता येत नाही, म्हणून पन्नास-साठ ग्रॅम इकडेतिकडे चालवून घेतले. ज्याने पिशव्या भरल्या त्याने पिशवी निवडायची नाही, घर क्रमांकाच्या चिठ्ठ्या टाकून पिशवीवर नाव पडायचं. नुसत्या चिठ्ठ्यांनी जेवढी कुरकुर थांबली तेवढी कुठल्याच नियमाने थांबली नाही.

एका क्रेटचा हिशोब उदाहरणादाखल देतो. बागायतदाराचे ४,५०० रुपये, बसने आणायचं भाडं ३०० आणि स्टँडवरून रिक्षा १५०, एकूण ४,९५०. दहा वाट्यांचे जमा ५,२५०, म्हणजे हातात ३०० उरले. क्रेट उघडल्यावर आंबे वीस किलो नऊशे ग्रॅम भरले. त्यातले देठाशी काळे पडलेले आणि दबलेले नऊशे ग्रॅम बाजूला काढले, चांगले वीस किलो राहिले, नग ७८. म्हणजे किलो २४७ रुपयांच्या आसपास आणि सरासरी फळ ६३ रुपयांना. पुढच्या पंधरवड्यात चार घरांतून साक्याचा एकेक फोटो आला. चार फळांचे २५२ रुपये परत केले, ४८ रुपये पुढच्या क्रेटच्या खात्यात गेले. वाट्यामागचे ते जादा तीस रुपये याच कामासाठी घेतलेले होते.

साक्यासाठी वेगळा नियम का, हे नव्या शेजाऱ्यांना दरवेळी सांगावं लागलं. फळ बाहेरून निर्दोष दिसतं, वासही छान येतो आणि कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा आंबट गर निघतो. हातात घेऊन तो ओळखता येत नाही, त्यामुळे ना वाटणाऱ्याचा दोष ना घेणाऱ्याचा. मोठ्या आणि झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळात तो जास्त निघतो, म्हणून सगळे मोठे आंबे एकाच पिशवीत जाऊ न देणंही महत्त्वाचं. मऊ पडलेल्या किंवा काळे डाग वाढलेल्या आंब्याचे पैसे मात्र परत मिळत नाहीत, कारण तो घरी कसा ठेवला हे कोणाला कळणार? कापल्या दिवशीच्या फोटोची अट त्यासाठीच. पाच दिवसांनी आलेला फोटो आम्ही धरला नाही, त्यावरून एक घर चार दिवस रुसलं होतं.

वाटणी कच्चेपणीच करा. सुरुवातीला काहींचं म्हणणं होतं की एकाच घरी अढी घालावी आणि तयार आंबा वाटावा. पण पिकताना आंब्यातलं पाणी उडतं, वजन घटतं, आणि घट कोणाच्या माथी मारायची हा नवा वाद उभा राहतो. शिवाय सगळी फळं एका दिवशी पिकत नाहीत. आधी तयार झालेली कोणाला द्यायची? कच्चा वाटलात की ज्याने त्याने आपापल्या घरी पेंढ्यात एका थरात मांडावं, रोज हात फिरवून तयार झालेलं वेगळं काढावं. फ्रिजमध्ये कच्चा आंबा घालू नका, तो नीट पिकत नाही आणि चवही जाते. हे वाक्य मेसेजमध्ये नव्हतं, पुढच्या वर्षी घालणार आहे.

बागायतदाराला मात्र एक गोष्ट आधीच बोलून ठेवावी: फळ देठासकट हवं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे डाग पडतो आणि कूज देठापासूनच सुरू होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या नूतन झेल्याने आंबा देठ ठेवून उतरवता येतो. काठीने झोडलेला माल पहिल्याच नजरेत कळतो, बुडखे उघडे आणि सालीवर चिकाचे चट्टे. तसा क्रेट आला तर फोटो काढून त्याच क्षणी बागायतदाराला पाठवा, वाटून झाल्यावर बोलण्यात अर्थ नाही.

आगाऊ पैशांचा नियम कठोर वाटतो खरा. «आपल्याच बिल्डिंगमधले लोक, नंतर देतील की,» असं मलाही ऐकवलं गेलं. पण अर्धा क्रेट कोणी पाठवत नाही, आणि कोणी ऐनवेळी मागे सरकला तर त्याचे दोन किलो आणणाऱ्याच्या गळ्यात पडतात. आम्ही एवढीच सूट दिली की ज्याला नको त्याने आपला वाटा दुसऱ्या शेजाऱ्याला द्यावा, पैसे त्यांनी आपसात बघावेत.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. अक्षय्य तृतीयेला आमरस हवा असेल तर क्रेट किमान दहा दिवस आधी सांगावा लागतो. उद्या पाहुणे येणार असतील तर सरळ बाजारातून तयार आंबा घ्यावा. पहिला पाऊस पडून गेल्यावर आम्ही क्रेट बंद केला, कारण तेव्हाच्या फळात फळमाशीच्या अळ्या आणि करप्याचे डाग वाढतात आणि नुकसानीचा वाटा परवडत नाही. पुढच्या मोसमात एकच बदल करणार: दोघेच राहणाऱ्या घरांसाठी एक किलोचा अर्धा वाटा, पण तो दोन घरांनी मिळून मागितला तरच.