पलंगाचा कठडा की बंक बेड?

फोंड्याच्या मावसबहिणीचा प्रश्न: मुलगी तीन वर्षांची, मुलगा सातचा, खोली एकच. साध्या पलंगाला कठडा लावू की बंक बेड घेऊ?

पडण्याची उंची पाहिली तर कठडाच बरा. पलंगावरून मूल फूट-दीड फुटावरून पडेल, बंकवरून पाच फुटांवरून. पण कठड्याचा खरा धोका पडण्याचा नाही, अडकण्याचा आहे. कापसाची गादी दबली की गादी आणि कठड्यामध्ये फट पडते, मूल त्यात घसरतं आणि श्वास कोंडतो. गादी हाताने जोरात ढकलून बघ; फट दिसली तर कठडा पुन्हा घट्ट बांध. दोन वर्षांखालच्या मुलाला तो लावूच नये.

बंकमध्ये गादीची जाडी मोज. वरचा कठडा फळीपासून ३० सेंमी आणि गादी २० सेंमीची, तर उरतात १० सेंमी. हवेत किमान १३. आपल्याकडे छताचा पंखाही बघावा लागतो, वर बसलेल्या मुलाचा हात पात्यांना लागता कामा नये. सहा वर्षांखाली वरचा मजला नाहीच.

खर्च कठड्याचा कमी, जागा बंक वाचवतो. मुलगी एकटीच स्वतंत्र झोपणार असेल तर कठडा घे. दोघांना एकाच खोलीत झोपवायचं असेल तर बंक, मुलगा वर, ती खाली. शिडी मात्र दिवसा काढून ठेव.