वरचे कप्पे सुकतात, खालचे कुजतात: टांगत्या बागेचा आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत ठाण्यात घोडबंदर रोडच्या आमच्या घरी, पश्चिमेकडच्या गॅलरीत फेल्टची बारा कप्प्यांची पिशवी टांगली. चार ओळी, प्रत्येकीत तीन कप्पे. कापड अजून भक्कम आहे, शिवण कुठे उसवलेली नाही. त्रास आहे तो पाण्याचा.

वर पुदिना आणि खाली ऑफिस टाइम लावलं होतं. रोज सकाळी प्रत्येक कप्प्यात एक पेला पाणी घालायचे. मार्चमध्ये दुपारी चार वाजता पुदिना माना टाकायला लागला, म्हणून संध्याकाळीही सगळीकडे पाणी सुरू केलं. ती माझी मोठी चूक. आठवड्याभरात ऑफिस टाइमची पानं पिवळी पडली आणि देठ बुडाशी पारदर्शक, मऊ झाले. एक रोप उपटलं तर मुळं तपकिरी झालेली, वरची साल बोटांना लागून सुटत होती, मातीला आंबूस वास. ओल्या मातीतलं झाडही मलूल दिसतं, त्यामुळे पानं बघून पाणी घालू नका. दोन इंच बोट घालून बघा.

कारण कळलं ते एका रविवारी. फक्त वरच्या ओळीला दोन-दोन पेले पाणी घातलं. अर्ध्या तासात तळाच्या कप्प्यांची पाठ ओली झाली आणि फरशीवर थेंब पडू लागले. सगळे कप्पे एकाच पाठकापडावर शिवलेले आहेत, तेच कापड पाणी खाली नेतं. त्यात वर ऊन आणि वारा जास्त, आणि कप्प्यातलं कोकोपीट एकदा कोरडं पडलं की आकसून कडा सोडतं. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ निघून जातं. वरून ओलं दिसतं, आत भुगा कोरडाच.

आता वरच्या ओळीला अर्धा पेला हळूहळू घालते, पंधरा मिनिटं थांबते आणि मग उरलेला अर्धा. पहिल्या पाण्याने कोकोपीट फुगतं, दुसरं पाणी आत टिकतं. दुधाच्या पिशव्या कापून माती आणि पाठकापड यांच्यामध्ये सरकवल्या, पुढची बाजू मोकळी ठेवली. पाणी अजूनही झिरपतं, पण बरंच कमी. तळाच्या ओळीला वेगळं पाणी देत नाही. तिथल्या मातीत जाड वाळू मिसळली.

झाडांची अदलाबदलही केली. ऑफिस टाइम वर, पुदिना तिसऱ्या ओळीत, तळाशी सिंगोनियम. पुदिना आता दुपारीही ताठ उभा असतो, चटणीपुरता नेहमी मिळतो.

मे महिन्यात मात्र वरच्या ओळीला दोनदा पाणी लागलंच, आणि आम्ही दोन दिवस गावाला गेलो तेवढ्यात तिथली दोन रोपं गेली. पावसाळ्यात तिरक्या सरींनी सगळंच ओलं राहिलं. मागे लाकडी पट्ट्या ठोकून इंचभर फट ठेवली होती, म्हणून भिंतीला ओल आली नाही.

पुन्हा घ्यायची झाली तर एकसंध पाठकापडाची घेणार नाही. प्रत्येक कप्पा सुटा काढता येईल अशीच घेईन.