परिमिती आणि क्षेत्रफळावरून आयताच्या बाजू: अवयव, सूत्र की निम्म्याची रीत?

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेचं उदाहरण घेऊ. बाग आयताकृती आहे, कुंपण २६० मीटर लागलं आणि सातबाऱ्यावर क्षेत्र ४० आर, म्हणजे ४००० चौरस मीटर. लांबी-रुंदी किती?

परिमितीचं निम्मं १३०, म्हणजे दोन बाजूंची बेरीज. एक बाजू x धरली की दुसरी १३० − x आणि गुणाकारावरून x² − १३०x + ४००० = ० हे वर्गसमीकरण मिळतं. इथपर्यंत सगळ्या रीती सारख्याच. बेरीज म्हणून १३० ऐवजी २६० घेणं ही मात्र नेहमीची चूक. तसं केलं तर बाजू साधारण २४३.६ आणि १६.४ येतात. गुणाकार ४००० भरतो, म्हणून चूक दिसत नाही. चारही बाजू मिळवून बघा, ५२० होतात.

अवयव पद्धतीत बेरीज १३० आणि गुणाकार ४००० असलेल्या दोन संख्या शोधायच्या. ८० आणि ५०, झालं. दहावीच्या पेपरात आकडे असे नेमके दिले असतील तर यापेक्षा झटपट काही नाही. पण टेपने मोजलेलं कुंपण २६२ मीटर भरलं की ही रीत अडते, कारण तिथे पूर्णांक अवयव पडतच नाहीत.

सूत्र कुठेही चालतं, पण १३१ चा वर्ग, मग ४ × ४००० वजा, मग वर्गमूळ आणि शेवटी दोनाने भागाकार, अशी मोठ्या आकड्यांची ओढाताण होते. पेपरात सूत्रानेच सोडवा म्हटलं असेल तर ते लिहायलाच हवं.

शेतावरच्या आकड्यांसाठी मी निम्म्याची रीत निवडेन. बेरीज १३१, तिचं निम्मं ६५.५. दोन्ही बाजू ६५.५ पासून सारख्याच अंतरावर असणार, एक वर, एक खाली. ते अंतर d धरलं तर ६५.५² − d² = ४०००. म्हणून d² = ४२९०.२५ − ४००० = २९०.२५, d सुमारे १७.०४ आणि बाजू ८२.५४ व ४८.४६ मीटर. ही पूर्ण वर्गाची रीतच आहे, फक्त आकडे लहान राहतात.

शिवाय माप चुकलं असेल तर ते इथे लगेच कळतं. कुंपण २५० मीटर सांगितलं, तर निम्म्याचं निम्मं ६२.५ आणि त्याचा वर्ग ३९०६.२५. तेवढ्या कुंपणात चौरससुद्धा ४००० चा होत नाही, म्हणजे आकडा खोटा. सूत्रात हेच विवेचक ऋण येऊन कळतं, पण का ते दिसत नाही.

एक काळजी मात्र तिन्ही रीतींत घ्यावी लागते. कोणी ४० आरऐवजी ४० गुंठे धरले तर क्षेत्र ४०४७ चौरस मीटर होतं. फरक ४७ चा, पण २६० मीटर कुंपणाला बाजू ८० आणि ५० वरून ७८.३ आणि ५१.७ वर सरकतात. शेत चौरसाच्या जितकं जवळ, तितका हा सरकाव वाढतो. म्हणून अशा शेतात निदान एक बाजू टेपने मोजून घ्याच.