तासाचे रकाने की बंद-चालूच्या ओळी? आयसीयूतील आरटी फीडचा तक्ता मांडताना

सिस्टरांच्या नोंदींतून आरटी फीडचा, म्हणजे नाकातून जठरात घातलेल्या नळीने दिलेल्या आहाराचा, चोवीस तासांचा तक्ता काढण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांच्यापुढे साधारणपणे दोन मांडण्या असतात. एका मांडणीत दिवसाचे चोवीस रकाने आखलेले असतात आणि प्रत्येक रकान्यात त्या तासात गेलेले मिलिलिटर लिहायचे असतात. दुसऱ्या मांडणीत रकाने नसतात. फीड सुरू झाले, बंद झाले किंवा त्याचा वेग बदलला, की नवी ओळ सुरू होते आणि पुढचा बदल होईपर्यंत ती ओळ चालते. आहारतज्ज्ञ म्हणून मी पहिली मांडणी काही वर्षे वापरली आणि आता दुसरी वापरतो. पहिली टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही. माझ्या हाताखालून ज्या प्रकारच्या नोंदी जातात, त्यांना दुसरी अधिक मानवली, एवढेच.

रकान्यांचा मोठा गुण म्हणजे वेग. नोंदी समोर असल्या की तीन-चार मिनिटांत तक्ता भरून होतो आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांना तो लांबूनही वाचता येतो. ओळींच्या तक्त्याला सुरुवातीला मला एका रुग्णामागे पंधरा मिनिटे लागत असत आणि आता सवयीने सात-आठ मिनिटे लागतात. दहा खाटांच्या आयसीयूत हा फरक चाळीस मिनिटांच्या आसपास जातो, आणि तो ज्याला परवडत नाही त्याला मी दोष देणार नाही.

मला नडला तो रिकामा रकाना. सकाळी तक्ता हातात घेतल्यावर ११ वाजताचा रकाना कोरा दिसतो, आणि त्या कोऱ्या जागेचा अर्थ फीड बंद होते असा, रुग्ण स्कॅनला गेला होता असा किंवा फीड चालूच होते पण लिहायचे राहिले असा, यांपैकी कोणताही असू शकतो. नाइट ड्यूटीची सिस्टर तोवर घरी गेलेली असते. मग बेरीज करणारा माणूस आपल्या स्वभावाप्रमाणे तिथे शून्य तरी धरतो, नाहीतर शेजारच्या रकान्यातला आकडा तरी घेतो, आणि असे काही धरले गेले होते याची खूण बेरजेत कुठेच उरत नाही. याच्या उलट चूक भरलेल्या रकान्यात होते. तासाच्या सुरुवातीला फीड ६० ने चालू असेल तर हाताच्या सवयीने ६० लिहिले जाते, मग ते विसाव्या मिनिटाला बंद झालेले का असेना.

एका दिवसाच्या नोंदी घेऊन दोन्ही मांडण्या शेजारी ठेवतो. उद्दिष्ट ताशी ६० मि.ली., म्हणजे सकाळी ७ ते दुसऱ्या सकाळी ७ या काळात १४४० मि.ली. केसपेपरवरील नोंदी थोडक्यात अशा होत्या. सकाळी फीड ६० ने चालू. १०:२० ला सीटी स्कॅनसाठी बंद, रुग्ण ११:४० ला परत. त्यानंतर १३:०० वाजता लिहिलेली नोंद, की १२:३० ला फीड ४० ने चालू केले. १६:३० ला ६०. २०:०० ला रेसिड्यू, म्हणजे जठरात उरलेला अंश, २८० मि.ली. आल्यामुळे बंद, रेसिड्यू परत दिला, उलटी नाही, पोट मऊ. २२:०० ला ४० ने चालू, मध्यरात्री ६०. पहाटे ५:३० ला ट्रेकिऑस्टॉमीसाठी बंद.

रकान्यांत हे भरल्यावर ११, २०, २१ आणि ६ वाजताचे चार रकाने कोरे राहिले आणि बाकीच्यांची बेरीज १०८० झाली, म्हणजे उद्दिष्टाच्या ७५ टक्के. ओळींत हाच दिवस असा दिसला:

| पासून | पर्यंत | ताशी मि.ली. | गेले मि.ली. | कारण किंवा सहनशीलता |
|---|---|---|---|---|
| ७:०० | १०:२० | ६० | २०० | |
| १०:२० | १२:३० | ० | ० | सीटी. ११:४० ला परत |
| १२:३० | १६:३० | ४० | १६० | |
| १६:३० | २०:०० | ६० | २१० | |
| २०:०० | २२:०० | ० | ० | रेसिड्यू २८०, परत दिला. उलटी नाही, पोट मऊ |
| २२:०० | ०:०० | ४० | ८० | |
| ०:०० | ५:३० | ६० | ३३० | |
| ५:३० | ७:०० | ० | ० | ट्रेकिऑस्टॉमी. खंड चालू |

बेरीज ९८०, म्हणजे ६८ टक्के. वरचे शंभर मिलिलिटर १०, १२, १६ आणि ५ वाजताच्या रकान्यांतून आले होते, कारण या चारही तासांच्या पोटात काहीतरी बदलले होते. पंपावरचा एकूण आकडा ९६५ होता, त्यामुळे कोणती बेरीज खरी याबद्दल मला फारशी शंका उरली नाही. मी स्वतः ५० मि.ली. पर्यंतचा फरक सोडून देतो. त्याहून जास्त फरक आला तर बाटली बदलताना कोणी पंपाचा एकूण आकडा पुसला का, हे आधी विचारतो, कारण बहुतेक वेळा तेच झालेले असते.

शंभर मिलिलिटरची चूक तशी रकाने नीट भरून टाळता येईल, हे मान्य करायला हवे. ओळींमुळे मला जे खरोखर मिळाले ते तुटीची फोड. तूट ४६० मि.ली. ची होती. त्यातली ३४० फीड बंद राहिल्याच्या ५ तास ४० मिनिटांची आणि १२० फीड चालू असूनही ४० ने चालल्याच्या सहा तासांची. ही दुसरी तूट रकान्यांत खंड म्हणून कधीच दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक रकाना भरलेला असतो. सीटीच्या खंडातही रुग्ण परत आल्यानंतरची ५० मिनिटे नुसती वाट पाहण्याची आहेत, आणि त्यांचे ५० मि.ली. स्कॅनच्या नावावर टाकणे मला योग्य वाटत नाही. शिवाय १२:३० ला २०० मि.ली. गेलेले होते आणि साडेअठरा तास उरले होते. डॉक्टरांनी बुडालेले फीड भरून काढायला संमती दिली असती, तर उरलेल्या १२४० मि.ली. साठी ताशी ६७ चा वेग पुरला असता. प्रत्यक्षात ४० ने सुरुवात झाली.

सहनशीलतेच्या बाबतीत फरक अधिक जाणवतो. रकान्यांच्या तक्त्यात तळाशी प्रत्येक ड्यूटीसाठी एक चौकट असते आणि तिच्यात 'टॉलरेटेड' किंवा 'नॉट टॉलरेटेड' असे लिहिले जाते. त्या रात्रीच्या चौकटीत 'नॉट टॉलरेटेड' होते. सकाळच्या राउंडमध्ये दोन कोरे रकाने आणि हा शेरा एकत्र वाचला की फीड पुन्हा सुरू करताना वेग ४० च ठेवण्याकडे कल झुकतो, आणि तसा तो झुकलाही. ओळीत मात्र २८० चा आकडा, उलटी नसणे आणि पोट मऊ असणे ही तिन्ही एकाच ठिकाणी बसतात. अमेरिकेतील पोषण आणि क्रिटिकल केअर या दोन संस्थांच्या २०१६ च्या एकत्रित मार्गदर्शक तत्त्वांत रेसिड्यू नेमाने मोजत बसू नये असे सुचवले आहे, आणि जिथे तो मोजला जातो तिथे असहनशीलतेची इतर लक्षणे नसताना ५०० मि.ली. च्या आत फीड थांबवणे टाळावे असे म्हटले आहे. त्या हिशेबाने हा दोन तासांचा खंड रुग्णाच्या पोटाने घडवलेला नव्हता, जुन्या सवयीने घडवलेला होता. निर्णय अर्थात डॉक्टरांचाच. तक्त्याने त्यांच्यापुढे आकडा आणि लक्षणे वेगवेगळी ठेवावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे.

ओळी भरताना माझे हात जिथे पोळले आहेत त्या जागाही सांगतो. नोंद लिहिल्याची वेळ आणि घटना घडल्याची वेळ वेगळी असते. वरच्या उदाहरणात १३:०० ही लिहिल्याची वेळ आहे आणि ओळ १२:३० ला सुरू होते. नोंदीत फक्त 'फीड चालू' एवढेच असते, तर सुरुवात ११:४० ते १३:०० मध्ये कधीही झालेली असू शकली असती. ८० मिनिटे ४० च्या वेगाने म्हणजे सुमारे ५३ मि.ली. ची अनिश्चितता झाली असती. अशा वेळी मी मधली वेळ ठोकून देत नाही. वेळेपुढे प्रश्नचिन्ह ठेवतो आणि बेरजेत दोन्ही टोके लिहितो. रेसिड्यू परत दिला की टाकला हे लिहिलेले नसेल तर तेही विचारून घ्यावे लागते. टाकलेला रेसिड्यू मी गेलेल्या फीडमधून वजा करत नाही, कारण त्यात जठरातला रसही असतो. तो वेगळ्या स्तंभात दाखवतो. फ्लशचे पाणी एकूण इनटेकमध्ये जाते, फीडच्या बेरजेत नाही.

एक्सेलमध्ये हे करणाऱ्याला मध्यरात्र हमखास अडवते, कारण २२:०० मधून ०:०० कडे जाताना वजाबाकी ऋण येते. A मध्ये सुरुवात, B मध्ये शेवट आणि C मध्ये वेग असेल तर हे सूत्र चालते:

```
=MOD(B2-A2,1)*24*C2
```

निकालाचा कक्ष वेळेच्या स्वरूपात राहिला तर २०० ऐवजी भलतेच काही दिसते, म्हणून तो साध्या संख्येच्या स्वरूपात ठेवावा.

आता रकान्यांची बाजू. पंप नसेल आणि सिस्टर दर दोन तासांनी सिरिंजने २०० मि.ली. देत असतील, तर बदल आपोआप ठरलेल्या वेळांनाच होतात आणि ओळींचा खटाटोप बहुधा वाया जातो. तिथे दिलेला प्रत्येक बोलस आणि चुकलेला प्रत्येक बोलस रकान्यातच स्वच्छ दिसतो. खाटेशी लटकवायच्या कागदावरही मला अजून रकानेच बरे वाटतात, कारण रात्री तीन वाजता कोणी नवी ओळ आखत बसणार नाही. फक्त आमच्याकडे दोन बदल मागून घेतले. फीड बंद असेल तर कोरे न सोडता शून्य लिहायचे, आणि तासाच्या मध्ये काही बदलले तर त्याच रकान्यात वेळ लिहायची. एवढे असले की सकाळी ओळी काढायला मला पाचच मिनिटे लागतात. तेवढेही होणार नाही अशी अडचण असेल, तर ज्या रुग्णाचे फीड दिवसात दोनदा बंद पडले आहे निदान त्याच्यापुरत्या ओळी काढून पाहाव्यात असे मी सुचवेन.

दिवस संपताना जी ओळ उघडी असते ती तशीच दुसऱ्या दिवसाच्या तक्त्यावर उतरवावी लागते. वरच्या रुग्णाची पुढची पहिली ओळ ७:०० ला शून्य वेगाने सुरू झाली आणि कारणाच्या स्तंभात '५:३० पासून, ट्रेकिऑस्टॉमी' असे लिहिले. रकान्यांच्या नव्या कागदावर हा खंड सकाळी सातलाच सुरू झाल्यासारखा दिसला असता.