पंचवीस हजार आज भरावेत की शेवटच्या तारखेला?

ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने ५ एप्रिलला ठाण्यात गोखले रोडवर फ्रिज घेतला आणि ४०,००० रुपये क्रेडिट कार्डावर टाकले. बिल २० एप्रिलला आलं, भरायची शेवटची तारीख ८ मे. हातात पंचवीस हजार होते. उरलेले पंधरा ३१ मेला भिशी मिळाल्यावर येणार होते. २१ तारखेला सकाळीच तिचा फोन आला, "दादा, मिनिमम भरून पंचवीस हजार खात्यात ठेवू, की ८ तारखेला ते सगळे भरू? तोपर्यंत तर बिनव्याजीच आहे ना?"

घोळ त्या शेवटच्या वाक्यात आहे. बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्याला मिळते. एक रुपया जरी मागे राहिला तरी ती सवलत साधारणपणे रद्द होते आणि व्याज ८ मेपासून नाही, तर खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे ५ एप्रिलपासून लागतं. तेही रोजच्या शिलकीवर. तिच्या कार्डाचा दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२. याला ३६५ ने भागलं की रोजचे ०.११५ टक्के होतात. चाळीस हजारांवर दिवसाला ४६ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

आधी मिनिमम पाहू. ८ मेला २,००० भरले, तर त्याआधीच्या ३३ दिवसांचं व्याज चाळीस हजारांवर लागतं, १,५१९ रुपये. पुढे २० मेच्या बिलापर्यंतचे १३ दिवस ३८,००० वर, ५६८ रुपये. जीएसटी धरून २,४६३. म्हणजे दोन हजार भरूनही नवं बिल ४०,४६३ चं येणार, आधीपेक्षा मोठं.

आता ८ मेलाच पंचवीस हजार भरले तर? मला वाटलं होतं की इथे मोठा फरक पडेल. पण मागचे ३३ दिवस तसेच राहतात, फक्त पुढचे १३ दिवस पंधरा हजारांवर मोजले जातात. जीएसटीसह २,०५७. तेवीस हजार जास्त भरून या बिलात वाचले जेमतेम चारशे.

तेच पंचवीस हजार आज, २१ एप्रिललाच भरले, तर चाळीस हजारांवर फक्त १६ दिवस मोजले जातात आणि उरलेले ३० दिवस पंधरा हजारांवर. जीएसटीसह १,४८०. रक्कम तीच, सतरा दिवस आधी, आणि ५७७ रुपये कमी. पूर्ण बिल भरणाऱ्याने शेवटच्या तारखेपर्यंत थांबणं बरोबरच आहे. अर्धवट भरणाऱ्याचा मात्र थांबण्याचा प्रत्येक दिवस मोजला जातो.

चौथी वाट तिच्या ऑफिसच्या पतपेढीची. ८ मेला पंधरा हजार उचलून बिल पूर्ण भरायचं आणि ३१ मेला भिशीतून फेडायचं. वर्षाला १२ टक्के दर धरला तरी २३ दिवसांचे ११३ रुपये होतात. कार्डाच्या दराशी नुसती तुलना केली तर हा फरक एवढा वाटत नाही. पण पंधरा हजारांच्या तुटीवर कार्ड संपूर्ण चाळीस हजारांचं मागचं व्याज लावतं, आणि ते सगळंच टळतं.

बाकी तिन्ही वाटांवर एक शेपूट उरतं. २० मेचं बिल आल्यावर ३१ मेला तिने सगळं फेडलं, तरी मधल्या दहा दिवसांचं व्याज जूनच्या बिलात येतं. लोक चूक समजून बँकेशी भांडतात, पण ती चूक नसते. ते धरून, फक्त मुद्दलावर मोजलेला खर्च असा:

| वाट | ३१ मेपर्यंत एकूण खर्च |
|---|---|
| ८ मेला मिनिमम | सुमारे २,९८० |
| ८ मेला २५,००० | सुमारे २,२६० |
| २१ एप्रिलला २५,००० | सुमारे १,६८५ |
| पतपेढी घेऊन पूर्ण बिल | ११३ आणि अर्जाची फी |

सवलत गेली की नव्या खरेदीलाही ती मिळत नाही. २५ एप्रिलला डी-मार्टमधून ३,००० चा किराणा त्याच कार्डावर घेतला, तर २० मेपर्यंत त्याचेही १०६ रुपये होतात. म्हणून थकबाकी असेपर्यंत ते कार्ड पाकिटातून काढून ठेवायचं आणि किराणा यूपीआयने घ्यायचा.

मी तिला सांगितलं, पतपेढीचा अर्ज आजच दे, आणि पंचवीस हजारही आजच भर. कर्ज ८ मेच्या आत हाती आलं, तर आधी भरल्याने फक्त बचत खात्यावरचं सतरा दिवसांचं व्याज बुडेल, ३ टक्क्यांनी ३५ रुपये. समितीची बैठक पुढे ढकलली जाऊन कर्ज लांबलं, तर ५७७ रुपये आधीच वाचलेले असतील. तिने फोनवर बोलता बोलताच पैसे भरले.