शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी साडेआठ हजार, आणि वर एक खोटी फाइल

मी नाशिकला घरून डबे देते. सकाळचे बावीस आणि संध्याकाळचे बारा, शिवाय दिवाळीत फराळ. सहा वर्षं सगळं ओळखीवर चाललं. सप्टेंबर २०२४ मध्ये मात्र घरपोच जेवण पोचवणाऱ्या एका ॲपवर नाव घालायला गेले, तर तिथे पहिलाच रकाना फूड लायसन्सच्या नंबरचा होता. माझ्याकडे नंबर नव्हता. रात्री भांडी आवरून झाल्यावर मोबाइलवर शोधलं आणि सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली.

त्या पानावर अशोकस्तंभ होता, तिरंग्याचे पट्टे होते आणि 'ऑनलाइन अर्ज करा' असं ठळक बटण होतं. अगदी खाली, करड्या रंगात, आम्ही खासगी सल्लागार आहोत अशी एक ओळ होती. ती मी दोन महिन्यांनी वाचली. सरकारी अर्ज foscos.fssai.gov.in वर भरतात, आणि शोधात सगळ्यात वर दिसणारी ओळ पुष्कळदा जाहिरात असते, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मोबाइल नंबर टाकल्यावर पाच मिनिटांत फोन आला. "मॅडम, फूड लायसन्स विभागातून बोलतोय." आवाज मऊ, मराठी स्वच्छ. लायसन्सशिवाय धंदा म्हणजे कलम ६३, सहा महिने कैद आणि लाखांत दंड, असं त्याने सांगितलं. मला घाम फुटला. ते कलम नंतर एका ओळखीच्या वकिलांनी वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की नोंदणीवर चालणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना त्या कलमातच वगळलेलं आहे. नोंदणी आम्हालाही करावीच लागते, पण ती तुरुंगाची भीती आमच्यासाठी नव्हती.

माझ्यासारख्यांना तेव्हाचा नियम साधा होता. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर परवाना नाही, फक्त नोंदणी. फी वर्षाला शंभर रुपये. लागतं काय, तर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा. त्याने माझ्याकडून पाच वर्षांच्या नोंदणीचे म्हणून २,९९९ घेतले. पैसे कुणा एका माणसाच्या नावावरच्या यूपीआयला गेले. विभागातला माणूस स्वतःच्या खात्यावर पैसे कसे घेतो, हा प्रश्न नवऱ्याने विचारला होता. मी त्यालाच गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी नोंदणीचा कागद व्हॉट्सॲपवर हजर. इतक्या पटकन आला म्हणून मी शेजारणीला पेढे दिले! खरं म्हणजे तिथेच पाल चुकचुकायला हवी होती.

मग चार दिवसांनी पुन्हा फोन. आता म्हणे तपासणी येईल, तेव्हा पाण्याचा रिपोर्ट, मेडिकल आणि वर्षभराचं रेकॉर्ड दाखवावं लागेल. "तुम्ही कुठे लिहीत बसता मॅडम, आमच्याकडे तयार फाइल मिळते." तिचे ५,५०० रुपये. इथे मी निव्वळ फसले असं म्हणणार नाही. तयार फाइल म्हणजे काय ते मला कळत होतं. लिहायचा कंटाळा होता, भीती होती, आणि पैसे देऊन दोन्ही मिटत होतं. मी पैसे पाठवले.

फाइल कुरिअरने आली. निळं कव्हर, आत माझ्या नावाचा शिक्का मारलेले तक्ते. फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ, बारा महिने, रोज ४ अंश. माझ्याकडे थर्मामीटर नव्हतंच. आमच्या भागात दर शनिवारी लाइट जाते, पण शनिवारीही ४. आणि जूनच्या पानावर शेवटची ओळ होती ३१ तारखेची. ३१ जूनला माझा फ्रीज ४ अंशांवर होता.

पाण्याच्या रिपोर्टवर 'बोअरवेल' लिहिलेलं. आमच्याकडे महापालिकेचा नळ आहे. त्यात क्षार, जडपणा वगैरे आकडे होते, पण जिवाणूंची ओळच नव्हती. स्वयंपाकाच्या पाण्यात आधी तीच बघतात. शोभाताई माझ्याकडे पोळ्या करतात. त्यांचं फिटनेस सर्टिफिकेट कुठल्या तरी लांबच्या गावच्या डॉक्टरांच्या सहीचं होतं. शोभाताईंनी ते हातात धरून विचारलं, "यांनी मला कधी बघितलं?"

भांडं फुटलं ते वेगळ्याच जागी. नोव्हेंबरमध्ये एका ऑफिसने चाळीस डब्यांची चौकशी केली. तिथल्या ॲडमिनच्या मॅडमनी नोंदणीचा कागद मागितला आणि तासाभरात फोन केला. "ताई, तुमच्या कागदावर व्यवसायाचा प्रकार 'हॉकर' लिहिलाय. तुम्ही गाडीवर विकता का? आणि मुदत एकच वर्षाची आहे."

मी कागद काढून पाहिला. खरंच. नंबर खोटा नव्हता, हे महत्त्वाचं. चौदा आकडी होता आणि २ ने सुरू होत होता. पहिला अंक २ असेल तर नोंदणी, १ असेल तर परवाना; पुढचे दोन अंक राज्याचे, त्यापुढचे दोन वर्षाचे. सरकारी साइटवर नंबर टाकला तर माझं नाव येत होतं. म्हणजे 'नंबर खरा आहे का ते तपासा' हा जो सल्ला सगळे देतात, त्याने मी सुटले नसते. कागद खरा होता, पण दुसऱ्याच धंद्याचा.

असं का केलं असावं? जून २०२४ पासून फेरीवाला, किरकोळ विक्रेता अशा कमी जोखमीच्या काही प्रकारांना अर्ज करताच तत्काळ नोंदणी मिळू लागली. घरून शिजवून डबे देणाऱ्यांसाठी 'होम बेस्ड कँटीन, डबावाला' असा वेगळा प्रकार आहे, आणि तिथे अधिकाऱ्याने अर्ज पाहायचा असतो. सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीला यायचं. एजंटला तेवढं थांबायचं नव्हतं. शंभर रुपये भरून त्याने सोपं दार उघडलं आणि मला त्यातून ढकललं.

त्याहून वाईट म्हणजे अर्जातला मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्याचे. म्हणजे लॉगिन त्याचं, ओटीपी त्याला, नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच. दुरुस्ती करून द्या म्हटल्यावर त्याने आणखी २,००० मागितले. आपलं घर आपल्याच नावावर, पण किल्ली त्याच्या खिशात, अशी गत.

मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले. हातपाय थरथरत होते, कारण ती निळी फाइलही सोबत होती. तिथल्या अधिकारी बाईंनी फाइल दोन मिनिटं चाळली, ३१ जूनवर बोट ठेवलं आणि हसल्या. मग म्हणाल्या, "हे दाखवलं असतंत तर तुमच्यावरच आलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर मी लिहायला सांगते. खोटं लिहिलेलं असेल तर बाकीच्यावर तरी का विश्वास ठेवू?" जुन्या नोंदणीबद्दल लेखी अर्ज द्यायला आणि स्वतःच्या मोबाइलवरून नवा अर्ज करायला त्यांनी सांगितलं. नवऱ्याने आणि मी मिळून तो भरला. आधार, फोटो, लाइट बिल. घर भाड्याचं म्हणून घरमालकांचं संमतीपत्र. फी शंभर रुपये. वेळ पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं फोटोची साइज कमी करण्यात. नवव्या दिवशी नोंदणी आली.

पैशांचं सांगते. १९३० वर सायबरची तक्रार केली, तर म्हणाले सेवा दिलीय त्याने, वाद ग्राहकाचा आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि महिनाभराने त्याने ३,००० परत केले. बाकीचे गेले.

आता वहीबद्दल, कारण माझं खरं नुकसान तिथे होत होतं. निळी फाइल फेकून मी दोनशे पानी वही आणि टोकाला सुई असलेलं डिजिटल थर्मामीटर घेतलं. आधी ते बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतं का पाहिलं. फ्रीजमध्ये पाण्याचा पेला ठेवते आणि त्यात सुई बुडवून आकडा लिहिते, कारण दार उघडलं की हवा लगेच बदलते. पहिल्या दिवशी सकाळी ५. दुपारी चारला ११. दुसऱ्या दिवशीही तसंच. कारण समोरच होतं: सकाळच्या डब्यांनंतर संध्याकाळच्या रश्शाचं वाटण मी गरम पातेल्यासकट आत ढकलत होते, आणि शेजारीच पनीर, दही आणि भिजवलेली कणीक. सहा वर्षं. आता वाटण पसरट ताटात काढून, ते ताट पाण्याच्या परातीत ठेवून, हात लावला तर गार लागेपर्यंत निववते आणि मगच आत ठेवते. दुपारचा आकडा ६ च्या पुढे गेला तर त्याचं कारण शेजारी लिहिते.

तसाच भात. साडेनऊला शिजवायचा आणि साडेअकराला भरायचा. भरताना सुई घातली तर मध्ये ४४. शिजलेलं अन्न एकतर ६० च्या वर किंवा ५ च्या खाली असावं. मधल्या पट्ट्यात जिवाणूंची चंगळ. भातात तर असे बीजाणू असतात की ते उकळूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की वाढतात. पोळ्या आधी आणि भात शेवटी, एवढी अदलाबदल केली. आता भरताना ७० च्या आसपास मिळतो.

पाण्याचा नमुना मी स्वतः दिला. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणली. ती धुवायची नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला आत औषध घातलेलं असतं. नळाचं तोंड पुसून दोन-तीन मिनिटं पाणी सोडलं, बाटली भरली, आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी पोचवली. शोभाताईंना आमच्या डॉक्टरांनी समोर बसवून तपासलं, टायफॉइडची लस दिली. बोट कापलं किंवा जुलाब झाले तर पोळ्या मी करणार, असं आमचं ठरलंय. वहीत त्यांच्या रजेचे दोन दिवस तसेच लिहिलेले आहेत.

कोणी मदतीला असेल तर अर्ज भरून घ्या, पैसेही द्या, हरकत नाही. मात्र मोबाइल आणि ईमेल स्वतःचा टाका, फी भरल्याची सरकारी पावती मागा, आणि कागद आला की नंबरच्या आधी व्यवसायाचा प्रकार, पत्ता आणि मुदत वाचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एजंटचा पुन्हा फोन आला होता. जुन्या नोंदणीची मुदत संपत असल्याचा मेसेज त्यालाच गेला असणार. "मॅडम, रिन्यूअल आलंय, ३,४९९ होतील. फाइल पण नवीन वर्षाची तयार आहे." मी विचारलं, जूनला किती दिवस धरलेत? त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "सगळे महिने आहेत मॅडम."