देशी संडासावर ठेवायची कमोड खुर्ची : दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या घडीच्या कमोड खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाचे रबरी बूट मागच्या आठवड्यात फाटले आणि उघडी नळी ओल्या फरशीवर हातभर सरकली. भिंतीवरची दांडी हातात होती म्हणून मी पडले नाही. दुकानदाराचे उत्तर असे होते : ‘‘अहो काकू, वॉरंटी सांगाड्याची असते, रबराची नाही.’’ पडणारे माणूस सांगाड्यामुळे पडत नाही, रबरामुळे पडते, हे त्याला पटवण्यात माझी सकाळ गेली आणि हाती काही लागले नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आम्ही साताऱ्यात भाड्याच्या जुन्या घरात राहतो. संडास देशी पद्धतीचा आहे आणि तो फोडून इंग्रजी भांडे बसवण्याची परवानगी घरमालक देत नाहीत. माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजव्याची अधिक. बाजारात या खुर्चीचे अनेक प्रकार मिळतात आणि तिची रचना बहुतेकांना माहीत असते : चार पायांचा सांगाडा, वर मधोमध भोक असलेली बैठक, खाली बूड नसलेले प्लॅस्टिकचे भांडे आणि उंची कमीजास्त करण्यासाठी पायांना छिद्रे. माझी लोखंडी, रंग दिलेली आणि दोन हजार आठशे रुपयांची आहे.

मला उकिडवे बसता येत होते, पण उठता येत नव्हते. आमच्या वयाच्या बायका हेच वाक्य बोलतात आणि ते शब्दशः खरे आहे. आपण खाली बसत जातो तसतशी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिकाधिक दाबली जाते, कारण शरीराचे वजन पेलण्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूला वाटी जोराने खेचून धरावी लागते. गुडघा साधारण काटकोनात येतो तेव्हा हा ताण फार वाढलेला असतो. अगदी तळाशी टेकल्यावर पोटरी आणि मांडी एकमेकींना टेकतात, काही भार त्या उचलतात आणि त्यामुळे क्षणभर बरे वाटते. उठताना मात्र तोच टप्पा पुन्हा, सगळे वजन घेऊन, उलट दिशेने पार करावा लागतो. शिवाय झिजलेला गुडघा मुळातच पूर्ण दुमडत नाही, आणि सकाळी उठल्याबरोबर तो आखडलेला असतो. संडासची वेळ नेमकी तीच. म्हणून अंथरुणातून उतरण्यापूर्वी काठावर बसून दोन्ही पाय सावकाश सरळ करणे आणि वाकवणे, असे मी थोडा वेळ करते आणि मगच उभी राहते. याला पैसे पडत नाहीत आणि फरक खुर्चीइतकाच पडतो.

पहिल्या महिन्यात ही खुर्ची मला मुळीच आवडली नव्हती. मी ती सर्वांत खालच्या छिद्रावर लावली होती, कारण बैठक जितकी खाली तितके पोट साफ होईल, असा माझा हिशेब होता. बैठक तेव्हा जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर होती. माझ्या गुडघ्याच्या मागची लवण, चप्पल घालून मोजली तर, 41 सेंटिमीटरवर येते. म्हणजे गुडघा काटकोनात आणि उठताना तर त्याहूनही अधिक दुमडलेला, कारण उठण्यासाठी पाऊल आपण आपसूकच मागे ओढतो. घरी येणाऱ्या व्यायामोपचार करणाऱ्या मुलीने बैठक दोन छिद्रे वर घ्यायला लावली. छिद्रांमध्ये साधारण एकेक इंचाचे अंतर असल्यामुळे उंची 45 सेंटिमीटर झाली आणि त्याच दिवसापासून उठताना उजव्या गुडघ्यातून निघणारी कळ निम्म्यावर आली. आणखी एक छिद्र वर नेऊन पाहिले, तेव्हा टाचा अधांतरी राहू लागल्या, बैठकीची कड मांडीखाली रुतू लागली आणि जोर करता येईना. तेव्हा माप असे धरावे : गुडघ्यामागच्या लवणीपेक्षा बैठक सुमारे दीड इंच वर असावी, पण दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेले असावेत.

उंच बसल्याने पोट साफ होत नाही, ही तक्रार खरी आहे. उकिडवे बसल्यावर मांड्या पोटाकडे येतात आणि मलमार्ग अधिक सरळ होतो, तसे खुर्चीत होत नाही. त्यावर पायाखाली पाट घेण्याचा उपाय सांगतात. मी तो घेऊन पाहिला. गुडघे वर येतात खरे, पण दुमडतातही अधिक, आणि उठताना पाट सारायचे विसरले तर त्यातच पाय अडकतो. त्यापेक्षा पाय जमिनीवरच ठेवून कमरेतून पुढे वाकावे आणि कोपरे मांड्यांवर टेकवावीत. मांडी आणि पोट यांच्यातला कोन तेवढाच कमी होतो, गुडघ्याला मात्र त्याची खबर लागत नाही.

धुण्याचा प्रश्न कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते. देशी पद्धतीत मागून हात घालून धुण्याची सवय असते, आणि बंद कड्यासारख्या बैठकीत हाताला वाट राहत नाही. पुढून कापलेली, घोड्याच्या नालासारखी बैठक मिळते, तीच घ्यावी, म्हणजे हात पुढून घालता येतो. माझी बंद आहे आणि मला दर वेळी एका बाजूला कलावे लागते. कलल्यावर सगळा भार एकाच बाजूच्या दोन पायांवर येतो, म्हणजे पुन्हा रबरावर.

आता रबर. खुर्ची पाण्यात उभी असते. नळी कापलेली, आतून पोकळ आणि कडेला धारदार असते. बसताना आणि उठताना ती कड रबराच्या तळाला आतून गोल कापत जाते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. मी फाटलेले बूट उलटे केले तेव्हा तळाशी नाण्याएवढी गोल चकती सुटून आली आणि तिच्यामागून गंजाचे लाल पाणी. म्हणजे रबराच्या आत पाणी साचत होते आणि नळी आतून सडत होती. तपासायची पद्धत सोपी आहे. खुर्ची आडवी करावी, बूट ओढून काढावे आणि आत बोट फिरवावे. गोल खाच लागली तर ते बूट बाद समजावे, तळाची नक्षी शाबूत असली तरीही. चारही बूट एकदम बदलावेत, कारण एकच नवे घातले तर तो पाय किंचित उंच राहतो आणि खुर्ची डगमगते.

नवी बुटे मला सर्जिकलच्या दुकानात नव्हे, हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. काठीच्या टोकाला लावतात तीच. माप नळीच्या बाहेरच्या व्यासाचे द्यायचे, ‘मोठे द्या, मधले द्या’ असे सांगू नये. माझी नळी 25 मिलिमीटरची आहे. जास्त सैल बूट खुर्ची हलवताना निघते, म्हणून ते दाबून, फिरवून बसेल असेच घ्यावे. दुकानातल्या वयस्कर गृहस्थांनी न विचारता प्रत्येक बुटात एकेक लोखंडी वायसर टाकून दिला, म्हणजे नळीची कड रबराऐवजी त्याच्यावर टेकते. चारही बूट आणि वायसर मिळून शंभराची नोट मोडली. अठ्ठावीसशेची खुर्ची बनवणाऱ्याला चार वायसर परवडू नयेत, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. वायसर गंजतात, त्यामुळे दर महिन्याला बुटे काढून, नळ्या उलट्या करून आतले पाणी निथळू देते.

खुर्ची घेण्यापूर्वी जागेचे माप घेणे रबराइतकेच महत्त्वाचे आहे. आमच्या संडासात भांड्याच्या दोन्ही बाजूंना उंचवटे आहेत, पाय ठेवण्यासाठी केलेले. खुर्चीचा एक पाय त्या उंचवट्यावर आणि दुसरा फरशीवर आला तर ती कधीच स्थिर उभी राहणार नाही. म्हणून दुकानात चार पायांमधले अंतर मोजून तेवढ्या मापाचा कागद कापावा, तो घरी संडासात पसरावा आणि चारही कोपरे सपाट फरशीवर पडतात का ते पाहावे. बैठकीचे भोक भांड्याच्या मधोमध आले पाहिजे, मागचे पाय भिंतीला लागून ते पुढे येता कामा नये. खालचे प्लॅस्टिकचे भांडे काढून टाकण्याचा मोह होतो, कारण ते धुवावे लागते, पण उंची वाढवल्यावर ते नसेल तर शिंतोडे पायांवर येतात.

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणे मी सोडले आहे. एकाच हातावर भार पडला की खुर्ची त्या बाजूला उलटते. उजव्या भिंतीवर घरमालकांनी दांडी बसवू दिली. तिला परवानगी मिळाली आणि संडास बदलायला नाही, यामागचे तर्कशास्त्र त्यांनाच ठाऊक. गिलावा पोकळ होता, म्हणून गवंड्याने तो ठोकून पाहिला आणि भरीव वीट लागेल तिथेच लांब बोल्ट घातले. दांडी मुठीत पूर्ण मावेल इतकीच जाड असावी आणि ओल्या हाताला घट्ट धरता यावी. पहिल्या दिवशी तिला हळूहळू पूर्ण वजनाने ओढून पाहावे. टॉवेल टांगायची दांडी, नळ किंवा पाण्याचा पाइप यांना धरून उठू नये, ते उपटून येतात.

एकदा उंचीचे गणित कळले की बाकीचे घर आपोआप बदलत गेले. विळीवर बसून भाजी चिरणे बंद केले, सुरी आणि पाट ओट्यावर आले. देव चौरंगावरून टेबलावर नेले आणि पूजा खुर्चीत बसून करते. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हा विचार येतो, पण मांडी घालून अर्धा तास बसल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजत असे आणि आता सुजत नाही. खाली बसणे टळत नाही तेव्हा भिंतीला पाठ लावून पाय लांब करते. उठताना सरळ वर उठण्याचा प्रयत्न करत नाही. कुशीवर वळून, घडी केलेल्या चादरीवर गुडघे टेकून, रांगत जड खुर्चीपाशी जायचे, बैठकीवर दोन्ही हात ठेवायचे, बऱ्या पायाचे पाऊल पुढे टेकवायचे आणि हातांनी रेटा देऊन त्या पायावर उभे राहायचे. गावी मंगल कार्यालयात फक्त देशी संडास असतात, म्हणून घडी केलेली खुर्ची गाडीच्या डिकीत असते. वर्‍हाडी मंडळींना ती दिसते, आणि मला त्याचे काही वाटत नाही.

खुर्ची घ्यावी का? घर स्वतःचे असेल आणि खर्च झेपत असेल तर इंग्रजी भांडेच बसवावे, आणि तेही उंच बैठकीचे, कारण नेहमीचे भांडे पुष्कळांना खुर्चीपेक्षा बुटके पडते. भाड्याच्या घरात ही खुर्ची चालते. पण ज्यांचा तोल जातो किंवा पक्षाघाताने एक बाजू कमजोर झाली आहे, त्यांनी तिच्यावर एकट्याने बसू नये. आपले वजन सांगाड्यावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत आहे ना, हे तपासावे. लोखंडीऐवजी स्टेनलेस स्टीलची मिळाली तर थोडे अधिक पैसे द्यावेत, पुढून उघड्या बैठकीची घ्यावी, आणि पैसे देण्याआधी दुकानातच एक बूट काढून आत वायसर आहे का ते पाहावे.